एका नोंदीचा एक प्रश्न, की विषयाचा एक मोठा प्रश्न?

माझा भाचा दिंडोरीहून रोज एसटीने नाशिकला कृषी पदविकेच्या वर्गाला येतो. परीक्षा तीन आठवड्यांवर आली तेव्हा वही घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, नोट्स चार वेळा वाचल्या, तरी पेपरात हात चालत नाही." नोट्सचे प्रश्न करायचे हे त्याचं ठरलेलं होतं. अडलं होतं ते एवढंच की प्रत्येक नोंदीचा वेगळा प्रश्न करायचा, की विषयामागे एकच मोठा प्रश्न ठेवायचा. आम्ही द्राक्षावरच्या रोगांच्या तासाच्या नोंदी घेऊन दोन्ही करून पाहिलं.

मोठा प्रश्न करायला दोन मिनिटंही लागत नाहीत: 'केवडा रोगाची लक्षणे व उपाय लिहा.' परीक्षेत तो जवळजवळ असाच येतो. अडचण तपासताना येते. भाच्याने अर्धं पान लिहिलं, आम्हाला ते बरंच वाटलं, पण वहीशी ताडून पाहिलं तर पानाच्या खालच्या बाजूबद्दल एक अक्षर नव्हतं. उत्तर लांबलचक असलं की राहून गेलेली गोष्ट त्यात दडते.

एका नोंदीच्या प्रश्नात ती दडायला जागाच नसते. मात्र हा प्रश्न नीट घडवावा लागतो. वहीत नोंद होती: 'केवडा: पानाच्या वर तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी बुरशी.' भाच्याचा पहिला प्रश्न होता, 'केवडा म्हणजे काय?' त्याला दहा उत्तरं चालतील. दुसरा होता, 'केवड्यात पानाखाली पांढरी बुरशी येते का?' त्यात उत्तर आधीच सांगून टाकलेलं, फक्त 'हो' म्हणायचं. तिसऱ्यांदा जमलं: 'पानावर तेलकट पिवळा डाग आहे. पान उलटलं तर त्याच जागी काय दिसेल?' उत्तर एकच, आणि बागेत उभं राहूनही हाच प्रश्न पडतो.

प्रश्न बरा झाला की नाही हे ओळखायची माझी एक रीत आहे. वही मिटून प्रश्न घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यायचा. विषय न शिकता नुसत्या शब्दांवरून त्याला उत्तर सांगता आलं, तर प्रश्न फुटला. आणि नोंद वाचूनही 'नक्की काय विचारलंय?' असं त्याने म्हटलं, तर प्रश्न फार सैल आहे.

बोर्डो मिश्रण या बुरशीनाशक फवाऱ्याची नोंद अधिक बोलकी निघाली. '१ टक्का: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. लोखंडी विळा बुडवून पाहावा, तांबूस थर आला तर चुना कमी.' ओळ एकच, पण नोंदी दोन. आधी त्या वेगळ्या केल्या, मग दोन प्रश्न झाले: '१०० लिटर पाण्यात १ टक्का बोर्डो करायला मोरचूद आणि चुना किती?' आणि 'विळ्यावर तांबूस थर आला तर काय कमी पडलं?' दुसऱ्या प्रश्नाने भाचा थबकला. मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार, चुना पुरेसा नसेल तर त्यातलं तांबं लोखंडावर बसतं. हे कारण त्याच्या वहीत नव्हतंच. ते त्याने विचारून लिहून घेतलं आणि त्याचाही प्रश्न केला.

वेळ मात्र लागतो. त्या एका तासाच्या वर्गाचे आम्ही बावीस प्रश्न केले, पाऊण तास गेला. परीक्षा परवावर असेल तर हा खटाटोप करू नका, मोठे प्रश्नच लिहून काढा. आठवडाभर तरी हातात असेल तर पाऊण तास वसूल होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला किंवा आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. भाच्याचं 'चार वेळा वाचलं' ऐकताना मला हेच आठवलं.

कागद साधाच ठेवा: डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, मधून घडी. उत्तर आधी तोंडाने किंवा कच्च्या कागदावर, मगच घडी उघडायची. चुकलेल्या प्रश्नापुढे तारीख टाका, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात.

एका ठिकाणी मात्र ही पद्धत तोकडी पडते. भुरी या द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगाला पानावर पाणी असावं लागत नाही, केवड्याला लागतं. या दोन वेगळ्या नोंदी आहेत, त्यांतला फरक एका नोंदीच्या प्रश्नात येत नाही. म्हणून माझा कल असा: नोंदीनिहाय प्रश्न आधी, आणि कागदाच्या तळाशी दोन-तीन तुलनेचे मोठे प्रश्न. भाच्याने तळाशी लिहिलं, 'पानावर पांढरं दिसतंय. भुरी की केवडा, कशावरून ठरवाल?' आणि त्याचं उत्तर लिहायला वरचेच सहा प्रश्न कामी आले.