बॅगचं रेनकव्हर: जून ते सप्टेंबर, ठाण्यातला अनुभव

लेक चौथीत आहे. वर्तकनगरातून शाळेत जाताना रिक्षा मिळेपर्यंत आणि उतरल्यावर फाटकापर्यंत पावसात चालावं लागतं. जूनमध्ये जांभळी नाक्यावरून इलॅस्टिकवालं पॉलिएस्टरचं कव्हर घेतलं. आता पावसाळा सरला, तेव्हा सविस्तर लिहिते.

बॅगेच्या बाहेरच्या बाजूवर पडणारा पाऊस कव्हरने चांगला अडवला. तरी मुसळधार पावसाच्या दिवशी वह्या ओल्या यायच्या. त्या नेमक्या कुठे ओल्या आहेत ते बघितल्यावर कारण सापडलं. पाठीकडच्या वहीचं पान वरून खाली ओलं, पुढचं पुस्तक मात्र कोरडं. कव्हर पाठीकडची बाजू झाकतच नाही. रेनकोटवरून ओघळलेलं पाणी पट्ट्यांमधून आणि पाठीच्या फोममधून आत झिरपतं. कुठलंही कव्हर घ्या, ही बाजू उघडीच राहते. त्यामुळे छोटा रेनकोट आणि बॅगेला वेगळं कव्हर यापेक्षा बॅगेवरून येणारा, मागे फुगा असलेला रेनकोट जास्त उपयोगी पडला.

दुसऱ्या प्रकारात सगळ्या वह्यांची खालची कड ओली असते. म्हणजे पाणी कव्हरच्या तळाशी साठलंय आणि बॅग त्यात उभी आहे. तळाला पाणी निथळायला छोटं भोक असलेलं कव्हर म्हणूनच बघून घ्यावं.

विकत घेताना बॅग भरून, बाजूच्या खिशात पाण्याची बाटली ठेवून न्या. रिकाम्या बॅगेला बसणारं कव्हर भरल्यावर वर सरकतं आणि तळ उघडा पडतो. घरी आणल्यावर कव्हर उलटं धरून त्यात मगभर पाणी ओता आणि दहा मिनिटं टांगून ठेवा. कापडातून सहसा काही येत नाही, शिवणीतून थेंब टपकतात, कारण सुईची भोकं उघडी असतात. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली असेल तर टपकत नाही. नसेल तर शिवणीची भोकं बुजवणारा सीम सीलर लावून रात्रभर वाळवा. आमचं गळणं त्याने थांबलं.

पण खरा भरवसा आतल्या पिशवीवर. बॅगेच्या मोठ्या कप्प्यात जाड प्लॅस्टिकची पिशवी, वह्या-पुस्तकं तिच्यात, आणि तोंड दोनदा दुमडून खाली दाबलेलं. गाठ मारली तर वर्गात पोरांना सुटत नाही. डबा, बाटली आणि ओली छत्री पिशवीच्या बाहेरच ठेवायची. कव्हरपेक्षा या पिशवीनेच पुस्तकं जास्त वाचवली, आणि तिचा खर्च किरकोळ.

कव्हर ओलंच घडी करून बॅगेच्या खिशात कोंबलं तर पाणी अडवणारा आतला लेप चिकट होऊन पापुद्रे निघू लागतात. आमच्या कव्हरच्या एका कोपऱ्यात सप्टेंबरमध्ये तसं झालंच. रोज घरी आल्यावर लेपाची बाजू बाहेर करून पंख्याखाली टांगायचं, इस्त्री अजिबात नाही. लेप निघालेल्या जागी सीम सीलर टिकत नाही, त्यामुळे पुढच्या जूनला नवीन घेणार, पण शिवणीवर पट्टी असलेलंच.