तीन वर्ग, एकच बाई: आळीपाळीने शिकवायचं की एकच घटक तिघांना?

तासिका ४५ मिनिटांची, दुसरी-तिसरी-चौथी एकत्र. आळीपाळीने घेतलं तर प्रत्येकाला १५ मिनिटं, पण हातात १२च येतात कारण फळा पुसून वह्या काढेपर्यंत तीन गेलेली असतात, आणि बाकीचे दोन वर्ग अर्धा तास नुसतं बघून लिहीत बसतात. त्यापेक्षा एकच घटक, समजा वजाबाकी, घेतला की पहिली १० मिनिटं सगळ्यांसमोर काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवायचा, मग दुसरीला ४२−१७, तिसरीला ३०५−१२८, चौथीला शाब्दिक उदाहरणं, आणि मी दुसरीजवळ बसते. ३०५ मध्ये दशकाच्या घरात शून्य, तिथे तिसरी अडकतेच, म्हणून तसलं एक आधी फळ्यावर सोडवायचं. वाचनाला मात्र मी आळीपाळीच ठेवलीय, दुसरीचं जोडाक्षरांशी अजून भांडण चालू असतं ना.