वीस महिन्यांची चिट संपली: एकाच गटातली दोन पासबुकं शेजारी ठेवून केलेला हिशेब

जून २०२३ मध्ये मी आणि माझे धाकटे दीर एकाच चिट गटात शिरलो, म्हणजे सगळ्यांनी दर महिन्याला हप्ता भरायचा आणि जमलेली रक्कम दर महिन्याला एकाने उचलायची अशा गटात. जानेवारी २०२५ मध्ये गट संपला. मी भांडुपला घरी शिवणकाम करते, दिरांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी शेवटपर्यंत थांबले, त्यांनी चौथ्या महिन्यात चिट उचलली. त्यामुळे बचत करणाऱ्याचं एक आणि पैसे उचलणाऱ्याचं एक अशी दोन पासबुकं आमच्या घरात आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावरच मला चिट म्हणजे काय ते कळलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न पासबुक वाचण्याचा आहे.

आमचा गट असा होता: एक लाखाची चिट, २० सभासद, २० महिने, हप्ता ५,०००. गट चालवणाऱ्या कंपनीचं, म्हणजे फोरमनचं, कमिशन पाच टक्के, म्हणजे दर लिलावाला ५,०००. (२०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने ते सात टक्क्यांपर्यंत असू शकतं, त्यामुळे करारात आकडा बघून घ्या.) कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९००. आमच्या करारात तो चिट उचलणाऱ्याच्या रकमेतून कापायचा असं होतं. लिलावात जो जमलेल्या रकमेतले सर्वांत जास्त पैसे सोडायला तयार असतो त्याला चिट मिळते. ते सोडलेले पैसे म्हणजे सूट, आणि कमिशन जाऊन उरलेली सूट सगळ्यांत वाटली जाते तो डिव्हिडंड. बोलीत जास्तीत जास्त ३० टक्के सूट देता येत होती. पहिल्या महिन्याची चिट फोरमनची, त्यात सूट नाही. आपली साधी भिशी चिठ्ठी टाकून लागते. इथे बोली लागते, एवढाच फरक मला आधी वाटला होता.

पासबुकात दर महिन्याला एक ओळ. हप्ता क्रमांक, लिलावाची तारीख, बोलीची सूट, डिव्हिडंड, भरलेली रक्कम, पावती क्रमांक. पहिली अडचण इथेच येते. दुसऱ्या महिन्यात लिलाव ३०,००० सुटीला गेला, पण माझ्या दुसऱ्या हप्त्यात डिव्हिडंडचा रकाना रिकामाच. मी विचारायला गेले तेव्हा कळलं की या महिन्याच्या लिलावाचा डिव्हिडंड पुढच्या महिन्याच्या हप्त्यातून वजा होतो. म्हणून सूट एका ओळीत वाचायची आणि डिव्हिडंड त्याच्या खालच्या ओळीत. सगळ्या कंपन्यांत असंच असतं असं नाही, काही ठिकाणी त्याच महिन्यात वजा करतात.

एकदा ही सवय झाली की प्रत्येक ओळ तपासता येते. सुटीतून कमिशन वजा करा, उरलेल्याला २० ने भागा. ३०,००० मधून ५,००० गेले, उरले २५,०००, प्रत्येकाला १,२५०. म्हणून तिसऱ्या हप्त्याला मी ५,००० ऐवजी ३,७५० भरले. ज्याने चिट उचलली त्यालाही हेच १,२५० मिळतात, कारण तोही वीस जणांत असतो.

या तपासणीचा उपयोग चौदाव्या हप्त्याला झाला. तेराव्या महिन्याचा लिलाव १६,००० सुटीला गेला होता, म्हणजे डिव्हिडंड ५५० हवा. पासबुकात लिहिला होता ५००. पन्नास रुपयांसाठी भांडायला जायचं का, असं घरात म्हणणं पडलं. पण ही चूक सगळ्यांच्या पासबुकात असेल तर वीस जणांचे हजार रुपये होतात, म्हणून मी गेले. ओळ खोडून सहीनिशी दुरुस्त झाली. चूक मुद्दाम होती की नजरचूक, हे मी सांगू शकत नाही, पण लिलावातली सूट लिहून ठेवली नसती तर मला ती कळलीच नसती. लिलावाला जाता आलं नाही तरी विजेत्याने दिलेली सूट फोन करून विचारा आणि आपल्या वहीत टिपा.

आमच्या गटात सुरुवातीचे तीन लिलाव पूर्ण ३०,००० ला गेले. मग सूट हळूहळू उतरत गेली: अकराव्या महिन्यात १९,०००, सोळाव्यात १२,०००, एकोणिसाव्यात ७,०००. विसाव्या महिन्यात बोली लावायला मी एकटीच उरले, तेव्हा फक्त कमिशन कापलं गेलं. वीस महिन्यांत मला मिळालेला सगळा डिव्हिडंड १३,३५० झाला, म्हणजे मी प्रत्यक्ष भरले ८६,६५०. शेवटी ९५,००० मधून जीएसटीचे ९०० जाऊन हातात आले ९४,१००. फायदा ७,४५०.

आता इथे एक चुकीची समजूत फार पक्की आहे. वसुलीला येणारा मुलगा मला पहिल्याच वर्षी म्हणाला होता, "काकू, ३,७५० भरून १,२५० डिव्हिडंड, कुठली बँक देते एवढं?" डिव्हिडंड हा नफा नाही. तो हप्त्यातली कपात आहे आणि ती सुरुवातीला मोठी असते, शेवटी शंभर रुपयांवर येते. नफा कळतो तो फक्त शेवटी, किती भरले आणि किती मिळाले यावरून, तेही पैसे किती महिने अडकले होते ते धरून.

ते धरायची सोपी रीत अशी. पहिला हप्ता एकोणीस महिने कंपनीकडे राहिला, दुसरा अठरा, आणि शेवटचा शून्य. प्रत्येक हप्त्याला त्याच्या महिन्यांनी गुणून बेरीज केली की माझी येते ८,०१,४५०. ७,४५० ला त्याने भागलं की महिन्याला ०.९३ टक्का, वर्षाला साधारण अकरा. हा सरळव्याजाचा अंदाज. चक्रवाढीने हवं असेल तर मोबाईलवरच्या शीटमध्ये B रकान्यात वीस ओळी भरा: भरलेला प्रत्येक हप्ता उणे, आणि विसाव्या ओळीत मिळालेल्या ९४,१०० मधून शेवटचा ४,९०० चा हप्ता वजा करून अधिक ८९,२००. मग महिन्याचा दर काढून त्याला १२ ने गुणणारं हे सूत्र:

```
=IRR(B1:B20)*12
```

माझं उत्तर आलं सुमारे साडेदहा टक्के. आमच्या बँकेच्या आरडीपेक्षा चांगलं, आणि मी समाधानी आहे. पण हे साडेदहा टक्के कोणी मला आधी कबूल केलेले नव्हते. लोकांना पैशांची निकड नसती, सगळे लिलाव किमान ५,००० सुटीलाच गेले असते, तर डिव्हिडंड शून्य आला असता. मग मी पूर्ण एक लाख भरून ९४,१०० घेतले असते, म्हणजे ५,९०० तोटा. थांबणाऱ्याची कमाई इतरांच्या घाईतून येते.

आता दिरांचं पासबुक. सप्टेंबर २०२३, गणपतीचे दिवस, दुकानाच्या डिपॉझिटसाठी पैसे हवे होते. ३०,००० च्या सुटीला आणखी दोघे तयार होते, म्हणून चिठ्ठी टाकली आणि दिरांचं नाव निघालं. ७०,००० मधून जीएसटी जाऊन ६९,१००. गट संपल्यावर ते हिशेब घेऊन आले. "वहिनी, भरले ८६,६५०, मिळाले ६९,१००, गेले साडेसतरा हजार. एक लाखावर वीस महिन्यांत साडेसतरा, म्हणजे वर्षाला साडेदहा टक्केच पडले की!"

वजाबाकी बरोबर होती, भागाकार चुकला होता. एक लाख त्यांना कधी मिळालेच नाहीत. मिळाले ६९,१००, आणि त्यातलेही १७,५०० त्यांनी पहिल्या चार हप्त्यांत स्वतःच भरलेले होते. म्हणजे दुसऱ्याचे पैसे त्यांच्या हातात आले ते फक्त ५१,६००. त्यानंतरच्या सोळा हप्त्यांत त्यांनी फेडले ६९,१५०. तेही एकदम शेवटी नाही, पुढच्याच महिन्यापासून, त्यामुळे ५१,६०० पूर्ण वेळ त्यांच्याकडे राहिलेच नाहीत. शीटमध्ये पहिल्या ओळीत अधिक ५१,६०० आणि खाली सोळा हप्ते उणे टाकले, की महिन्याचा दर येतो साडेतीन टक्के, वर्षाला ४२. इथे वीस ओळी जशाच्या तशा टाकू नका. आधी उणे, मग अधिक, मग परत उणे अशा रांगेत हे सूत्र भलतंच उत्तर देऊ शकतं, म्हणून पहिले चार महिने एका ओळीत गोळा करायचे.

दिरांना हे ऐकून वाईट वाटलं आणि मलाही सांगताना जड गेलं. पण मला त्यांचा निर्णय पूर्ण चुकीचा वाटत नाही. त्यांच्याकडे पगाराची स्लिप नव्हती, बँकेने नाही म्हटलं होतं, आणि ओळखीचा सावकार शेकडा पाच रुपये महिना मागत होता. साडेतीन त्यापेक्षा कमीच. फक्त हा आकडा बोली लावण्याआधी माहीत असता, तर ते कदाचित दोन-तीन महिने थांबले असते. आणखी एक गोष्ट पासबुकात दिसत नाही: लिलाव लागला तरी दोन जामीनदारांची कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत पैसे सव्वीस दिवसांनी आले. तोवर पाचवा हप्ता जवळ आलेला. तो उशीर धरला तर दर ४२ च्याही वर जातो.

गटातल्या कोणाचं काय झालं ते आता एका आकड्यावरून सांगता येतं. सगळ्यांनी भरले ८६,६५०. त्यामुळे ज्याने १२,४५० पेक्षा जास्त सूट दिली, त्याला आपल्या खिशातून द्यावे लागले. कमी दिली त्याला वाढून मिळाले. आमच्या गटात ही रेघ पंधराव्या आणि सोळाव्या महिन्याच्या मधे पडली. पंधराव्याने १३,००० सूट देऊन ५५० गमावले, सोळाव्याला १२,००० देऊन ४५० सुटले. पण हे सगळे आकडे वेळेत हप्ता भरणाऱ्याचे. आमच्या करारात मुदत उलटली की त्या महिन्याचा डिव्हिडंड बंद होता. शेजारच्या ताईंच्या पासबुकात तीन ओळींत पूर्ण ५,००० भरलेले दिसतात. तिन्ही सुरुवातीच्या महिन्यांतल्या, प्रत्येकी १,२५० गेलेले. एवढ्या ३,७५० ने त्यांचा बराचसा फायदा संपला.

मार्चमध्ये नव्या गटासाठी फोन आला. मी आधी संपलेल्या एखाद्या गटाच्या सगळ्या लिलावांतली सूट दाखवा म्हटलं. त्यांनी कागद दिला. त्यात सूट सहाव्या महिन्यापासूनच दहा हजारांच्या खाली गेली होती. मी नाही म्हणाले आणि आरडी उघडली. दीर मात्र जाणार आहेत, पण या वेळी शेवटपर्यंत थांबायला. मी त्यांना तोच कागद दाखवला आहे आणि शीट भरून द्या म्हणून सांगितलंय.