ताप आणि घसादुखीत कालमेघ: घरचा काढा, अर्काची गोळी की पॅरासिटामॉल?

कोकणात परसात उगवणारं ओलं किराईत म्हणजेच कालमेघ. ताप आला की त्याचा काढा करायची रीत जुनी आहे आणि आता मेडिकलमध्ये त्याच्या गोळ्याही मिळतात. दोन्हींत फरक पुष्कळ आहे.

आधी काढा. कोरडं कालमेघ ३ ग्रॅम, दिवसातून दोनदा, हे जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवलेलं तापासाठीचं माप. ३ ग्रॅम चिमटीने ठरवू नका, काट्यावर तोला. काढ्याची अडचण अशी की कडूपणा आणि गुण ज्याच्यामुळे येतो ते अँड्रोग्राफोलाइड पाण्यात फारसं विरघळत नाही. ते पानांत जास्त, काड्यांत कमी, आणि फुलं यायच्या सुमाराला सर्वांत चांगलं भरतं. म्हणून एका घरचा काढा लागू पडतो, दुसऱ्या घरचा नुसताच कडू होतो. बाजारातून आणत असाल तर खोड बघा: कालमेघाचं खोड हिरवट आणि चौकोनी असतं. जाड, तपकिरी-जांभळट, गोल काड्या दिल्या तर ते काडेकिराईत, म्हणजे हिमालयातली वेगळी वनस्पती. तिला हे माप लागू नाही.

गोळीचा फायदा मोजमापाचा, पण डबीवरचं बारीक वाचलं तरच. समजा एका डबीवर लिहिलंय ‘कालमेघ चूर्ण ४०० मि.ग्रॅ.’ आणि दुसरीवर ‘कालमेघ अर्क ४०० मि.ग्रॅ., अँड्रोग्राफोलाइड १० टक्के’. दुसरीत ४० मिलिग्रॅम औषधी घटक आहे. पहिलीत, चूर्णात दोन टक्के धरले, तर जेमतेम ८. गोळीचा आकार सारखा, किंमतही जवळपास सारखी असू शकते, आणि बळ मात्र पाचपट वेगळं. टक्केवारी छापलेली नसेल तर ती गोळी घेण्यापेक्षा मी काढाच घेईन.

पॅरासिटामॉलशी तुलना थायलंडमध्ये झालेली आहे. घसा आणि टॉन्सिल सुजलेल्या रुग्णांवर १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ६ ग्रॅम कालमेघ घेणाऱ्यांना तिसऱ्या दिवशी ताप आणि घसादुखीत पॅरासिटामॉलइतकाच आराम पडला. ३ ग्रॅमवाले मागे राहिले, आणि सातव्या दिवशी सगळे सारखेच होते. म्हणजे फायदा आहे, पण तो आपसूक बरा होणाऱ्या आजारात पहिले काही दिवस सुसह्य करण्यापुरता. नुसता ताप उतरवायचा असेल तर पॅरासिटामॉल स्वस्त, मापाचं आणि पोटाला सोसणारं आहे. सर्दी, घशाची खवखव आणि कसर असेल तेव्हा कालमेघ घेऊन बघण्यासारखं.

किती दिवस? तीन दिवसांत उतार पडला नाही तर थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. उतार पडला तरी सात दिवसांपुढे न्यायचं नाही. ‘रक्त शुद्ध होतं’ म्हणून महिनोन्‌महिने घेणारे लोक आहेत, त्याला आधार नाही. जास्त झालं की मळमळ, जुलाब, भूक मरणं सुरू होतं. काहींची चव जाते. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा धाप लागली तर ती अ‍ॅलर्जी आहे, लगेच दवाखाना गाठा. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नको.

पावसाळ्यात मात्र तीन दिवसही थांबू नका. भातखाचरात किंवा साचलेल्या पाण्यात उतरल्यानंतर ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर लेप्टोचा संशय धरायचा. हुडहुडी भरून ताप आला तर मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी. काढ्याने थोडं बरं वाटतं आणि तेवढ्यात मोलाचा वेळ जातो. टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्यात दुखऱ्या गाठी, जोराचा ताप आणि खोकला-सर्दी काहीच नाही, असा घसा बहुधा जिवाणूचा. तिथे अँटिबायोटिकच लागतं, नाहीतर पुढे सांधेताप हृदयाच्या झडपांपर्यंत जाऊ शकतो.

गरोदरपणात तुलनेला जागाच नाही: काढा नको, गोळीही नको. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कालमेघाने गर्भपात होण्याचा धोका दिसला आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना गरोदर व अंगावर पाजणाऱ्या दोघींनाही ते वर्ज्य सांगते. दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतील तरी टाळा, कारण पहिले आठवडे कळायच्या आधीच जातात. ‘सासूबाईंनी घेतलं होतं, काही झालं नाही’ यावर विसंबू नका. पण ताप अंगावर काढणंही पोटातल्या बाळाला चांगलं नाही. गरोदर बाईला ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, आणि त्यांनी सांगितलेल्या मापाने पॅरासिटामॉल घ्यायचं. माहीत नसताना एखादा कप घेतला गेला असेल तर घाबरून जाऊ नका. तिथेच थांबा, किती आणि केव्हा घेतलं ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. रक्तस्राव किंवा ओटीपोटात कळा असतील तर मात्र तपासणीची तारीख येईपर्यंत वाट न बघता तडक प्रसूतिगृहात जा.