इनहेलर कुठे ठेवावा: ऑफिसात, सरांच्या पिशवीत की मुलाच्या खिशात?

दमा असलेल्या मुलाचा निळा इनहेलर पीटीच्या तासाला कुठे असावा, यासाठी शाळेपुढे तीन जागा असतात. बऱ्याच शाळांना ऑफिसचं कपाट बरं वाटतं. औषध कुलपात, म्हणजे जबाबदारीही कुलपात! पण ठरवण्याआधी त्रास नेमका कधी होतो, ते बघा.

समजा, सातवीतला मुलगा खो-खो खेळतोय. धावण्याने होणारा त्रास बहुधा धावताना नाही, तर थांबल्यावर ५ ते १५ मिनिटांत सगळ्यात जास्त जाणवतो. तास संपता संपता तो पळाला असेल, तर छाती आवळेल ती गणिताच्या तासाला. नुसतं दमलेलं मूल थांबलं की थोड्या वेळात सावरतं, याचा खोकला मात्र थांबल्यावर वाढतो. ही खूण ठाऊक असलेले सर ‘नाटकं करतोय’ म्हणणार नाहीत.

आता कपाट बघा. मैदानावरून जिना चढायचा, शिपाईकाकांकडून किल्ली मागायची, तोवर मुलाला एक वाक्यही सलग बोलवत नसतं. ही जागा बादच करा. सरांची पिशवी मैदानापुरती उत्तम, फक्त ती उन्हात ठेवू नये. पण मुलगा वर्गात गेला की पिशवी मैदानावरच राहते. खिसा त्याच्याबरोबर सगळीकडे जातो. तिथली अडचण वेगळी: इनहेलर हरवतो, किंवा रिकामा झालेला कळत नाही. त्यावर डोसचा आकडा असेल तर दर सोमवारी बघायचा.

माझं मत असं: पाचवीपासून पुढे खिसा, आणि जादाचा इनहेलर व स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची नळी, सरांच्या पिशवीत. त्याहून लहानांसाठी पिशवीच, पण तास संपल्यावर ती वर्गशिक्षिकेच्या हाती द्यायची.

खेळाआधी इनहेलर की वॉर्म-अप, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर खेळाच्या १०-१५ मिनिटं आधी पफ घ्यायचे. वॉर्म-अप सगळ्यांनाच: दहाएक मिनिटं चालणं, हळू पळणं, मग मधे थांबत छोट्या धावा. काही मुलांना यानंतर तासभर त्रास कमी होतो, सगळ्यांना नाही. म्हणून वॉर्म-अप केला तरी इनहेलर जवळ हवाच. आणि मैदान आखायला फक्की मारायची ती तासाच्या आधी, मुलं रांगेत उभी असताना नको. दिवाळीच्या धुराच्या दिवसांत किंवा सर्दी झालेली असताना पळण्याऐवजी कॅरम चालेल.

त्रास सुरू झालाच तर मुलाला आडवं करू नका, ताठ बसवा. स्पेसरमधून एका वेळी एक असे ४ पफ द्या, प्रत्येक पफनंतर ४ श्वास. ४ मिनिटं थांबा, फरक नसेल तर पुन्हा ४. तरीही फरक नसेल तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पफ तसेच देत राहा. ओठ निळसर दिसले किंवा बोलताच येत नसेल, तर फोन आधीच करा.