आठ महिन्यांनंतर: पंखा चांगला आहे, पण फोटोवरून घेऊ नका

आईच्या खोलीतला वीस वर्षांचा पंखा जळाला. खालून काढलेला फोटो दुकानदाराला पाठवला. त्याने पाती पाहून सांगितलं, "बाराशेचा आहे, कुठलाही बाराशे बसेल." त्यावर विसंबून रिमोटचा बीएलडीसी पंखा घेतला. माप त्याने बरोबर सांगितलं होतं. तीन पात्यांच्या पंख्यात टोकापासून टोकापर्यंत सरळ मोजता येत नाही, म्हणून मध्यापासून एका पात्याच्या टोकापर्यंत टेप लावायची आणि दुप्पट करायची. माझे साठ सेंटिमीटर आले, म्हणजे १२०० मिमी.

अडलं ते दांड्यावर. आमचं छत अकरा फूट, जुना दांडा दोन फुटांचा. नव्याबरोबर आला तो जेमतेम दहा इंचांचा. जुनाच वापरू म्हटलं, फुकट का घालवायचा? वरचं टोक जुळत होतं, कारण हुकात अडकणारा क्लॅम्प आणि रबरी रीळ तशीच होती. पण खालचं टोक आट्यांचं, मोटरवर फिरवून बसवायचं. नव्या मोटरला दांडा गळ्यात सरकवून आरपार बोल्ट घालायचा, वर स्प्लिट पिन. वायरमन म्हणाला, "भोक पाडून देतो." मी नाही म्हटलं. आईच्या डोक्यावर तेवढं वजन अंदाजाने पाडलेल्या भोकावर टांगायचं? सर्व्हिस सेंटरशी तीन वेळा भांडून, वेगळे पैसे भरून त्याच पंख्याचा दोन फुटी दांडा आणवला. तोवर आखूड दांड्यावर पंखा चालवला आणि पलंगापर्यंत वारा येतच नव्हता. त्या आठवड्यांत मी या पंख्याला नावंच ठेवली.

दुसरा राग गुणगुणण्याचा. रात्री घुंई-घुंई, रिमोट कधी ऐके, कधी नाही. मोटर खराब आली म्हणून बदलून मागणार होतो. पण दोष बोर्डावरच्या जुन्या रेग्युलेटरचा निघाला. तो वीज तुकड्यातुकड्यांनी सोडतो आणि या पंख्यातल्या सर्किटला ती अखंड लागते. वायरमनने मेन बंद करून रेग्युलेटर काढला, त्याच्या दोन वायरी थेट जोडल्या. आवाज त्याच रात्री गेला. म्हणजे मोटरबद्दलचं माझं मत चुकीचं होतं.

आता वाऱ्याबद्दल तक्रार नाही. जुना सुमारे ७५ वॅट घ्यायचा, हा पूर्ण वेगात तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. दांड्याचे पैसे त्यातून फिटायचे आहेत, हे मात्र अजून सलतं.

फोटो काढायचाच असेल तर स्विच बंद करून शिडीवर चढा. मोटरच्या वरच्या बाजूची पाटी, कटोरी खाली सरकवून हूक आणि दांड्याची दोन्ही टोकं, असे तीन फोटो हवेत. चौथा बोर्डाचा, रेग्युलेटर दिसेल असा. दांड्याची लांबी टेपने मोजून त्याच निरोपात लिहा.