आढाव्याची सुरुवात: महिन्यांच्या क्रमाने की तुटीपासून?

साहेबांसमोर वाचून दाखवायचा तिमाही विक्रीचा आढावा दोन पद्धतींनी लिहिता येतो. बडोदा विभागाचं दुसऱ्या तिमाहीचं उदाहरण घेऊ. टार्गेट 4 कोटी 20 लाख, विक्री 3 कोटी 78 लाख, म्हणजे 90 टक्के.

पहिली पद्धत जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशी सरळ चालते. लिहायला सोपी, पण ऐकायला जड. 42 लाखांची तूट सहाव्या मिनिटाला येते. तोवर साहेबांनी शेवटची स्लाइड उघडलेली असते आणि ‘कमी का?’ हा प्रश्न ऑगस्टच्या मधोमध येऊन आदळतो.

दुसरी पद्धत पहिल्याच वाक्यात तूट सांगते: “आपण 42 लाखांनी कमी आहोत. त्यातले 24 लाख थकबाकीमुळे बिलिंग अडलेल्या डीलरांचे, 18 लाख माल उशिरा आल्याचे.” इथे बेरीज जुळलीच पाहिजे. ‘इतर कारणं’ म्हणून 10 लाख उरले, तर पुढची सगळी चर्चा त्या 10 लाखांवरच होते.

मला दुसरीच पटते. मात्र गेल्या वर्षाशी तुलना करताना महिने लागतातच. 2024 मध्ये नवरात्र 3 ऑक्टोबरला बसलं, 2025 मध्ये 22 सप्टेंबरला. बडोद्यात गरब्याआधी दुकानं माल भरतात, त्यामुळे 2025 च्या सप्टेंबरची वाढ थोडी फुगलेली दिसते. हे आपणहून बोलावं. नाहीतर ऑक्टोबरची विक्री पडल्यावर तेच सबबीसारखं वाटतं.

आणि हो, कागदावर ‘3.78’ लिहू नका. ‘तीन कोटी अठ्ठ्याहत्तर लाख’ असं अक्षरी लिहा, वाचताना जीभ अडखळत नाही.